घरबसल्या कामाची फसवणूक : लोकलमधल्या पोस्टरपासून टेलिग्रामपर्यंत

घरी बसून केलेल्या कामाचे पैसे मिळतात, हे मुंबईत कुणाला पटवून द्यावं लागत नाही. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पीठ संस्थेकडून आणायचं, घरी लाटायचं, तयार पापड परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची, असा तो साधा व्यवहार. लालबाग-परळच्या चाळींत, धारावीत, भांडुपच्या टेकडीवरच्या वस्त्यांत मणी ओवणं, टिकल्या कार्डावर चिकटवणं, शिवलेल्या कपड्यांचे दोरे कापणं ही कामंही याच धर्तीवर चालत आली. मजुरी तुटपुंजी, तीही माल देणारा वेळेवर देईलच असं नाही. तो बुडवून गेला तर मेहनत वाया जायची, पण बाईच्या पदरचे पैसे जात नसत. माल त्याचा, श्रम तिचे, आणि पैसा त्याच्याकडून तिच्याकडे.

फसवणूक करणाऱ्यांनी एवढंच केलं, की ही पैशाची दिशा उलटी फिरवली. त्यासाठी दर पिढीत एक नवं कारण शोधलं.

पहिलं कारण होतं ‘रजिस्ट्रेशन’. लोकलच्या डब्यात डोक्याच्या उंचीवर चिकटवलेले कागद मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिलेत : घरबसल्या कमवा, गृहिणी आणि विद्यार्थ्यांसाठी सुवर्णसंधी, शिक्षणाची अट नाही. खाली फक्त मोबाइल नंबर. ना कंपनीचं नाव, ना पत्ता. फोन केला की स्टेशनजवळच्या एखाद्या इमारतीतल्या भाड्याच्या खोलीत ‘इंटरव्ह्यू’, त्यात सगळेच पास, आणि मग ओळखपत्राचे, ट्रेनिंगचे, किटचे पैसे. रक्कम मुद्दाम अशी ठेवलेली, की बुडाली तर माणूस चडफडेल पण पोलीस ठाण्याची पायरी चढणार नाही. हे गणित आजही बदललेलं नाही. अलीकडे मोबाइलवर फिरणारी पेन्सिल पॅकिंगची जाहिरात याच घराण्यातली. नामांकित कंपनीचा लोगो, महिन्याला तीसेक हजार पगार, आधी काही शे रुपये रजिस्ट्रेशन, मग माल पाठवायचा डिलिव्हरी चार्ज, मग इन्शुरन्स. पेन्सिली कारखान्यातच मशीनवर पॅक होतात. त्या कुरिअरने घरोघरी पाठवून परत मागवणं कुठल्याच कंपनीला परवडणार नाही, एवढा हिशेब केला तरी जाहिरात उघडी पडते.

इंटरनेट आल्यावर कामाचं रूप बदललं. २०११ साली मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे आलेलं स्पीक एशिया प्रकरण हा यातला मोठा टप्पा. वर्षाला ११,००० रुपये भरून सभासद व्हायचं, घरून ऑनलाइन सर्व्हे भरायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे, अशी ती योजना. वर नवे सभासद आणले की त्याचं कमिशन वेगळं. ज्या बड्या कंपन्यांसाठी हे सर्व्हे चालतात असं सांगितलं गेलं, त्यांतल्या काहींनी तसा संबंधच नसल्याचं सांगितलं. मग पैसे येत होते कुठून? नव्या सभासदांच्या ११,००० मधूनच जुन्यांना दिले जात असल्याचा आरोप होता. माझ्या मते या प्रकरणाचा खरा वारसा पैशांच्या आकड्यात नाही. स्क्रीनवर क्लिक करणं हे ‘काम’ आहे आणि त्यासाठी आधी पैसे भरणं रास्त आहे, ही कल्पना मध्यमवर्गीय घरांत तेव्हा रुजली.

त्यानंतरचा डाव भीतीचा होता, आणि तो आजही जोरात चालतो. डेटा एंट्रीच्या या कामात सुरुवातीला एक पैसाही मागत नाहीत. वेबसाइटवर लॉगिन मिळतं, पाच-सहा दिवसांत काही शे फॉर्म भरायचे, अचूकता ९० टक्के हवी. सुरू करण्याआधी एका ‘अॅग्रीमेंट’वर सही, फोटो, आधारची प्रत. टाइप करायच्या मजकुराची चित्रं मुद्दाम पुसट असतात, शून्य आणि इंग्रजी ओ ओळखू येऊ नये अशी. शेवटच्या दिवशी साइट नेमकी बंद पडते. मग कामाच्या तपासणीचा ‘क्यूसी रिपोर्ट’ येतो, त्यात तुम्ही नापास. त्यामागोमाग वकिलाचा फोन : करार मोडलात, कंपनीचं नुकसान झालं, आज संध्याकाळपर्यंत सहा-सात हजार भरा, नाहीतर केस दाखल होईल आणि पोलीस घरी येतील. व्हॉट्सअॅपवर अशोकस्तंभ छापलेली नोटीसही येते.

घरात कुणाला न सांगता काम घेतलेली बाई इथे हमखास पैसे भरते. भरले की दुसऱ्या दिवशी ‘एनओसी’चे वेगळे मागतात. वास्तविक वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. करार मोडल्याचा वाद दिवाणी असतो, त्यासाठी पोलीस अटक करायला येत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणं लागत नाही. वाजवी भरपाई किती ते कोर्ट ठरवतं, आणि मुळात फसवून करवून घेतलेला करार रद्द ठरवता येतो. केस खरंच दाखल असेल तर तिला १६ अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. तो नंबर मागितला, की ‘वकीलसाहेब’ एकतर शिव्या देतात किंवा फोन ठेवतात.

२०२० च्या टाळेबंदीनं घरून काम ही नेहमीची गोष्ट झाली. यूपीआय तोवर भाजीवाल्यापर्यंत पोचलं होतं, त्यामुळे दोन-पाच हजार क्षणात पाठवणं हाताच्या सवयीचं झालं. या दोन्हींवर उभा राहिला आजचा ‘टास्क’चा सापळा. २०२३ मध्ये परदेशी कोडच्या नंबरांवरून व्हॉट्सअॅपवर नोकरीच्या संदेशांचा पूर आला, तो अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्र सरकारनं अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या नावाखाली चालणाऱ्या शंभरहून अधिक वेबसाइट बंद केल्या.

हा सापळा कसा आवळतो, हे एका प्रातिनिधिक हिशेबातून पाहू. कांदिवलीच्या एका गृहिणीला संदेश येतो : व्हिडिओ लाइक करा, प्रत्येकी ५० रुपये. ती तीन लाइक करते आणि १५० रुपये खरोखर खात्यात येतात. मग टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथे शंभरेक सदस्य, सतत ‘पैसे मिळाले’ म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे, आणि जवळजवळ सगळे टोळीचेच. दुसऱ्या दिवशी ‘प्रीपेड टास्क’ : १,००० भरा, १,३०० घ्या. तेही परत येतात. इथवर ती ४५० रुपयांनी फायद्यात आहे, आणि टोळीनं एवढाच खर्च केलाय.

तिसऱ्या दिवशी तीन टप्प्यांचं टास्क येतं. ५,००० भरल्यावर कळतं की पुढचे दोन टप्पे पूर्ण केल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. दुसरा टप्पा १२,०००, तिसरा ३८,०००. ती कचरते तेव्हा ग्रुपमधली एक ‘ताई’ लिहिते, तुमच्यामुळे आमचेही पैसे अडकलेत हो. सोनं गहाण ठेवून तिनं तिसरा टप्पा भरला, की वेबसाइटवरच्या वॉलेटमध्ये ८१,००० दिसतात. काढायला गेल्यावर २० टक्के ‘टॅक्स’ आधी मागतात, म्हणजे १६,२००. तोही भरला तर तिसऱ्या दिवसापासून तिच्या हातून ७१,२०० गेलेले असतात, आणि वॉलेटमधला आकडा हा नुसता स्क्रीनवर टाइप केलेला आकडा असतो.

हे आधी ओळखता येतं का? येतं, आणि त्याची सर्वांत ठोस खूण यूपीआयच्या स्क्रीनवरच असते. पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. १,००० एका ट्रेडर्सच्या नावावर, ५,००० कुठल्या तरी व्यक्तीच्या, १२,००० तिसऱ्याच एंटरप्रायझेसच्या. काम देणारी कंपनी एक आणि खाती रोज वेगळी, कारण ही सगळी भाड्यानं घेतलेली खाती असतात. दुसरी खूण टॅक्सची. आपल्याकडे पैसे देणारा टीडीएस कापून उरलेली रक्कम देतो आणि कापलेला कर आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या नावावर दिसतो. स्वतःचेच पैसे मिळवण्यासाठी आधी कर भरण्याची पद्धत नाही.

सुरुवातीला मिळालेल्या त्या १५० रुपयांबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. ते बहुधा दुसऱ्याच एखाद्या फसलेल्या माणसाच्या पैशांतून आलेले असतात. त्यानं तक्रार केली की पैशांचा माग काढत बँक जिथे जिथे ते गेले ती खाती रोखते, आणि दीडशे रुपयांपायी आपलंही खातं अडकू शकतं. ‘तुमच्या खात्यावर पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा’ ही तर सरळसरळ खातं भाड्यानं देण्याची नोकरी. त्यात फसलेला माणूस तक्रारदार न राहता आरोपी होऊ शकतो.

संदेश पाठवणाऱ्यांची कहाणीही वेगळी नाही. कंबोडिया, लाओस, म्यानमारमधल्या कुंपणबंद इमारतींत बसून हे काम करणाऱ्या अनेकांना चांगल्या पगाराच्या खोट्या नोकरीचं आमिष दाखवूनच तिकडे नेलं गेलं. पासपोर्ट काढून घेतले की परत येणं त्यांच्या हातात राहत नाही.

पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. हेल्पलाइन २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकानं सुरू झाली होती, नंतर हा सोपा नंबर आला. फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी, आणि cybercrime.gov.in वर लेखी तक्रार करावी. तक्रार पोचेपर्यंत पैसे ज्या खात्यात असतील तिथे ते होल्ड होतात. एटीएममधून निघाले किंवा क्रिप्टोत गेले, की हाती काही लागणं अवघड. होल्ड झालेली रक्कमही लगेच मिळत नाही, अनेकदा कोर्टाचा आदेश लागतो. बँकेकडून भरपाईची आशाही धरू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांतलं संरक्षण ग्राहकाच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांना आहे, आणि इथे पिन आपणच टाकलेला असतो.

या अडचणीच्या काळातच आणखी एक फोन येतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा.’ फसलेल्यांच्या याद्या टोळ्या एकमेकांना विकतात, त्यामुळे समोरच्याला तुमची रक्कम आणि तारीखही ठाऊक असते. तक्रार नोंदवायला किंवा रक्कम परत द्यायला पोलीस फी घेत नाहीत. हा फोन आला तर तो नंबरही आधीच्याच तक्रारीत जोडून द्यावा.