पंधरवड्याचे दूध बिल: हिशेब, पशुखाद्य उचलीची कपात आणि दुरुस्तीचा अर्ज

प्राथमिक दूध संस्थेला दूध घालणाऱ्या उत्पादकाचे बिल साधारणपणे महिन्यातून दोनदा निघते. पहिला पंधरवडा 1 ते 15 तारखेचा आणि दुसरा 16 पासून महिनाअखेरपर्यंतचा असतो. त्यामुळे दुसऱ्या पंधरवड्यात कधी 15, कधी 16 आणि फेब्रुवारीत 13 किंवा 14 दिवस येतात. दोन बिलांच्या एकूण रकमेची थेट तुलना केली की फसगत होते ती याच कारणाने. तुलना करायचीच असेल, तर एकूण रकमेला एकूण लिटरने भागून लिटरमागे मिळालेला सरासरी दर पाहावा.

बिल बँक खात्यात जमा होण्यासाठी संस्थेकडे उत्पादकाचा कोड क्रमांक, आधार कार्डाची प्रत आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत असावी लागते. खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर कोड असावा. वडिलांच्या नावावर कोड आणि मुलाचे खाते अशी स्थिती असेल, तर लेखी संमती दिल्याशिवाय रक्कम अडकून राहते. पशुखाद्य उधारीवर उचलायचे असेल, तर याशिवाय मागणी अर्ज आणि बिलातून कपात करण्याचे संमतीपत्र द्यावे लागते. काही संस्था जामीनदाराची सहीही घेतात. उचलीची मर्यादा संस्था आपल्या ठरावाने ठरवते आणि ती बहुधा उत्पादकाच्या नेहमीच्या दूध पुरवठ्यावर अवलंबून असते. संमतीपत्रावर दर बिलातून किती रक्कम कापायची हे आकड्यात लिहून घ्यावे. ती जागा कोरी ठेवून सही केली, तर पुढे कपातीबद्दल बोलायला आधार उरत नाही.

बिलाची रक्कम कशी निघते

बिल प्रत्येक वेळच्या दुधाचे स्वतंत्रपणे निघते. सकाळचे लिटर गुणिले सकाळच्या फॅटचा दर, संध्याकाळचे लिटर गुणिले संध्याकाळच्या फॅटचा दर, आणि अशा सर्व वेळांची बेरीज म्हणजे दुधाची एकूण रक्कम. दरपत्रकात एका बाजूला फॅट आणि दुसऱ्या बाजूला एस.एन.एफ., म्हणजे फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ, असते आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीतला दर लागू होतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. यातील दर केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्यक्षात आपल्या संस्थेचे चालू दरपत्रक घ्यावे. म्हशीच्या दुधाला 6.0 फॅट आणि 9.0 एस.एन.एफ.ला 50 रुपये दर आहे, 6.0 च्या वर प्रत्येक 0.1 फॅटला 80 पैसे वाढतात आणि खाली प्रत्येक 0.1 ला 1 रुपया कमी होतो, असे समजू. एस.एन.एफ. पूर्ण पंधरवडा 9.0 धरू. उत्पादक सकाळी 6 लिटर दूध 6.4 फॅटचे आणि संध्याकाळी 4 लिटर 7.2 फॅटचे घालतो. सकाळचा दर 53.20 रुपये, म्हणून सकाळचे 319.20 रुपये, संध्याकाळचा दर 59.60 रुपये, म्हणून संध्याकाळचे 238.40 रुपये. दिवसाचे 557.60 रुपये झाले आणि 15 दिवसांचे 8,364 रुपये.

आता एका सकाळी फॅट 5.7 लागली असे धरा. त्या वेळचा दर 47 रुपये होतो आणि 319.20 ऐवजी 282 रुपयेच मिळतात. म्हणजे 37.20 रुपये कमी होऊन पंधरवड्याची रक्कम 8,326.80 रुपये राहते.

घरी पडताळणी करताना बहुतेकांची चूक होते ती फॅटच्या सरासरीत. 6.4 आणि 7.2 ची साधी सरासरी 6.8 येते, तिचा दर 56.40 रुपये आणि 10 लिटरचे 564 रुपये होतात, म्हणून संस्थेने रोज 6.40 रुपये कमी दिले असे वाटते. पण सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी आहे. लिटरचा विचार करून काढलेली खरी सरासरी 6.72 आहे. तेव्हा सरासरीवरून बिल तपासू नये, रोजच्या संकलन पावत्यांवरूनच तपासावे.

दुसरी बाब वजनाची. काटा किलोत आकडा दाखवत असेल आणि दरपत्रक लिटरचे असेल, तर किलोला सुमारे 1.03 ने भागून लिटर काढतात. 6.18 किलो म्हणजे 6 लिटर. पावतीवरील आकडा किलोचा आहे की लिटरचा, हे एकदा विचारून घेतले की अनेक गैरसमज तिथेच मिटतात.

उचल आणि इतर कपाती

उचलीचा हिशेब चालू खात्याचा असतो. मागील बिलाअखेरची बाकी 3,200 रुपये होती आणि या पंधरवड्यात प्रत्येकी 1,500 रुपयांची दोन पोती नेली, तर एकूण येणे 6,200 रुपये. ठरल्याप्रमाणे 2,500 रुपये कापले, की पुढे ओढायची बाकी 3,700 रुपये. अनामत लिटरला 20 पैशांप्रमाणे 150 लिटरची 30 रुपये आणि पशुवैद्यकीय सेवेचे 100 रुपये धरले, तर वरच्या 8,326.80 रुपयांतून हाती येणारी रक्कम 5,696.80 रुपये होते.

इथे पहिल्यांदा एकच गोष्ट पाहावी: या बिलाची आरंभीची बाकी मागील बिलाच्या अखेरच्या बाकीइतकी आहे का. ती जुळत नसेल, तर दोन बिलांच्या मध्ये काहीतरी नोंदले गेले आहे. रोखीने घेतलेले पोते उचलीत चढणे, किंवा एकच पोते पावतीवरून आणि पुन्हा गोदामाच्या वहीवरून असे दोनदा लागणे, या चुका नेहमीच्या आहेत. 15 तारखेच्या संध्याकाळी नेलेले पोते पुढच्या बिलात दिसले, तर मात्र ती चूक नव्हे. त्या पंधरवड्याचा हिशेब तोवर बंद झालेला असतो.

फॅटबद्दल तक्रार आणि बिल दुरुस्ती

या दोन्हींची वेळ वेगळी आहे, आणि हे ध्यानात न राहिल्याने सर्वाधिक नुकसान होते. फॅट कमी लागली, तर हरकत त्याच वेळी, नमुना शिल्लक असतानाच घ्यावी. दूध कॅनमध्ये एकत्र झाले आणि नमुना सांडला, की पडताळण्यासारखे काही उरत नाही. नमुना घेण्यापूर्वी दूध नीट ढवळले होते का, हे पाहावे, कारण साय वर येते आणि वरून वा तळातून घेतलेला नमुना चुकीची फॅट दाखवतो. धारेच्या शेवटी येणाऱ्या दुधात फॅट सर्वांत जास्त असते. ते वासराने प्यायले, तर संकलन केंद्रावर फॅट खरोखरच कमी लागते आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.

बेरीज, दर किंवा कपातीतील चूक मात्र नंतरही दुरुस्त होते. त्यासाठी संस्थेच्या सचिवांच्या नावे साध्या कागदावर अर्ज करावा. त्यात कोड क्रमांक, पंधरवडा, चूक झालेली तारीख आणि वेळ, बिलातील रक्कम, आपल्या हिशेबाची रक्कम आणि फरक लिहावा. संबंधित संकलन पावत्या, आधीचे व चालू बिल आणि पशुखाद्याच्या पावत्यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ पावत्या देऊ नयेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. चूक मान्य झाली, तर फरक बहुधा पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत जमा दाखवतात.

संस्था सहकारी असेल आणि उत्पादक तिचा सभासद असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार आपल्या व्यवहारांच्या नोंदी असलेला दप्तराचा भाग कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा हक्क त्याला आहे. लेखी मागणी करून आणि शुल्क भरून त्याच्या प्रतीही मिळतात. केवळ दूध घालणाऱ्या, पण सभासद नसलेल्या उत्पादकाला हे कलम लागू होत नाही; त्याच्याजवळ पुरावा राहतो तो स्वतःच्या पावत्यांचाच.