फोन बंद असतानाचे कॉल फॉरवर्डिंग आणि व्हॉइसमेल

मोबाइल बंद असेल, चार्जिंग संपले असेल किंवा रेंज नसेल, तेव्हा त्यावर येणारा कॉल आधी सांगून ठेवलेल्या दुसऱ्या नंबरकडे वळवण्याची ही सोय आहे. वळवलेला कॉल एखाद्या माणसाच्या फोनवर न जाता निरोप रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या यंत्रणेकडे गेला, तर त्या यंत्रणेला व्हॉइसमेल म्हणतात. नेटवर्कच्या लेखी या दोन्हींत फारसा फरक नाही. व्हॉइसमेललाही स्वतःचा एक नंबर असतो आणि कॉल त्या नंबरकडे वळवला जातो, इतकेच.

फोनच बंद आहे तर कॉल पुढे पाठवतो कोण, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पडतोच. पाठवते कंपनीचे नेटवर्क. आपण सेटिंग फोनमध्ये करतो, पण ती फोनमध्ये राहत नाही. प्रत्येक ग्राहकाची माहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या नोंदवहीत, म्हणजे होम लोकेशन रजिस्टरमध्ये, ती जाऊन बसते. म्हणून एकदा नोंद झाली की फोन बंद पडो, पाण्यात पडो किंवा चोरीला जावो, कॉल वळतच राहतो. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते: फोन बंद पडल्यावर त्यावरून ही नोंद करता येत नाही. ती फोन चालू आणि रेंजमध्ये असतानाच करून ठेवावी लागते. राहून गेलेच, तर ग्राहक सेवा केंद्राला किंवा कंपनीच्या ॲपला गाठावे लागते.

फोन बंद आहे हे नेटवर्कला कसे कळते, हेही पाहण्यासारखे आहे. आपण बटण दाबून फोन रीतसर बंद करतो तेव्हा पडदा काळा होण्याआधीच्या एक-दोन सेकंदांत तो टॉवरला ‘मी निघालो’ असा संदेश पाठवतो. नेटवर्क तशी खूण करून ठेवते आणि त्यानंतर येणारा कॉल लगेच वळवते. पण घाटात रेंज गेली किंवा तळघरात फोन अडकला, तर हा संदेश पाठवायला फोनला वावच मिळत नाही. अशा वेळी नेटवर्क आधी फोनला हाक मारून पाहते, उत्तराची वाट पाहते आणि मग कॉल वळवते. फोन करणाऱ्याला तेवढे सेकंद शांतता ऐकू येते. ‘स्विच ऑफ आहे’ आणि ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे’ या आपल्या परिचयाच्या दोन घोषणांमागे साधारण हाच फरक असतो. फ्लाइट मोड लावला तरी फोन तोच निरोप देऊन निघतो, त्यामुळे चाचणीसाठी फोन बंद करायची गरज नसते. मात्र फ्लाइट मोडमध्ये वायफाय चालू राहिले आणि वायफाय कॉलिंगची सोय असली, तर फोन नेटवर्कला सापडतोच आणि कॉल वळत नाही. चाचणी फसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

कॉल वळवण्याचे चार प्रकार असतात: सरसकट सगळे कॉल, फोन व्यग्र असताना, कोणी उचलला नाही तर, आणि फोन पोहोचण्यापलीकडे असताना. फोन बंद असण्याच्या प्रसंगासाठी चौथा प्रकार लागतो. अँड्रॉइडवर तो फोन ॲपच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगखाली ‘When unreachable’ अशा नावाने दिसतो. तिथे नंबर लिहायचा आणि चालू करायचे. नंबर +91 लावून लिहिलेला बरा, म्हणजे परदेशात असतानाही तो बिनचूक लागतो. आयफोनच्या सेटिंगमध्ये मात्र साधारणपणे एकच बटण मिळते आणि ते सरसकट वळवण्याचे असते. ते चालू केले की फोन चालू असूनही वाजत नाही. आपला फोन बिघडला अशी तक्रार घेऊन दुकानात जाणाऱ्यांपैकी काहींचा घोटाळा इथेच झालेला असतो.

चौथ्या प्रकारासाठी मोबाइल नेटवर्कच्या जीएसएम मानकात ठरलेले कोडही आहेत. ते डायल करायच्या जागी लिहून कॉलचे बटण दाबायचे असते:

```
**62*+91XXXXXXXXXX#   नोंद करून चालू
*#62#                 सध्याची स्थिती
#62#                  थांबवणे, नंबर ठेवून
##62#                 नोंद पुसणे
```

चिन्हांमागे साधी शिस्त आहे. दोन तारे नोंद करतात, दोन हॅश ती पुसतात, एक हॅश नुसती थांबवते, आणि तारा-हॅशची जोडी विचारणा करते. हे कोड प्रत्येक कंपनी मानेलच असे नाही. काहींचे कोड वेगळे असतात. भारतात त्यात आणखी एक भर पडली. दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी कोडने, म्हणजे तारा-हॅशचे असे कोड डायल करून, कॉल वळवण्याची सोय पुढील सूचनेपर्यंत थांबवण्यात आली. ग्राहकाला ‘तुमच्या सिमची तपासणी करतो’ असे सांगून *401* ने सुरू होणारा कोड आणि पुढे एक नंबर डायल करायला लावायचा, म्हणजे त्याचे सगळे कॉल ठगाच्या फोनकडे जातात आणि कॉलवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्याला ऐकता येतो, अशी फसवणूक होत होती आणि ती रोखण्यासाठी हा आदेश होता. म्हणून भारतात फोनच्या सेटिंगमधून, कंपनीच्या ॲपमधून किंवा ग्राहक सेवेकडून ही नोंद करणे हाच सरळ मार्ग. कोणीही अनोळखी माणूस फोनवर सांगतो म्हणून तारा-हॅशचा कोड डायल करू नये.

एक प्रसंग धरून पाहू. नाशिकच्या एका बाई लग्नपत्रिका छापून देण्याचा व्यवसाय करतात आणि इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला निघाल्या आहेत. तिथे फोन जमा करावा लागतो. गिऱ्हाइकांचे कॉल या दिवसांत धाकट्या भावाने घ्यावेत असे ठरले आहे. सरसकट वळवण्याचे बटण त्यांना नको, कारण निघण्याच्या सकाळपर्यंत त्यांना स्वतः बोलायचे आहे आणि शिबिर संपवून फोन हातात आला की लगेच कॉलही हवे आहेत. त्या आदल्या रात्री ‘When unreachable’मध्ये भावाचा नंबर भरतात. पडद्यावर सेटिंग जतन न झाल्याची चूक दिसते. त्यांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत आणि इंटरनेट दुसऱ्या सिमवर चालू आहे. फोर-जीच्या व्हॉइस सेवेत ही सेटिंग पुष्कळदा त्याच सिमच्या डेटावरून नेटवर्ककडे जाते. त्या डेटा धंद्याच्या सिमवर वळवतात, वायफाय बंद करतात, पुन्हा भरतात आणि नोंद होते. मग फोन बंद करून त्या आईच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावतात. घंटा भावाच्या फोनवर वाजते आणि पडद्यावर आईचा नंबर दिसतो. पत्रिकांची चौकशी करणारा कोण आहे हे भावाला असेच कळत राहील.

एवढ्यावर थांबले, तर अर्धे काम राहते. वळतात ते कॉल. एसएमएस वळत नाहीत. बँकेचा ओटीपी, पेमेंट आल्याचा संदेश, वीजबिलाची आठवण या सगळ्या गोष्टी फोन पुन्हा चालू होईपर्यंत नेटवर्कवर थांबतात, आणि ठराविक मुदतीनंतर काही पुसल्याही जातात. व्हॉट्सॲपचे कॉलही यात येत नाहीत, कारण ते मोबाइल नेटवर्कच्या कॉल सेवेतून जातच नाहीत. व्हॉट्सॲपवर बोलण्याची सवय असलेल्या गिऱ्हाइकांना आधी वेगळे सांगून ठेवणे भाग असते.

दुसरी गोष्ट पैशांची. फोन करणारा फक्त बाईंच्या नंबरपर्यंतच्या भागाचे देतो. तिथून भावाकडे जाणारा भाग बाईंच्या खात्यावरचा आउटगोइंग कॉल धरला जातो. अमर्यादित कॉलच्या योजनेत तो खुपत नाही, पण शिबिर चालू असताना रिचार्ज संपला तर आउटगोइंग बंद होते आणि त्याबरोबर कॉल वळणेही थांबते. इतके दिवस बाहेर असणाऱ्याने रिचार्जची शेवटची तारीख पाहूनच निघावे. परदेशात रोमिंगवर असताना हिशेब जास्त टोचतो: न उचललेला कॉल आधी त्या देशात जातो आणि तिथून भारतातल्या नंबरकडे परत वळतो, तेव्हा दोन्ही फेऱ्या ग्राहकाच्या माथी पडू शकतात. त्यापेक्षा निघण्यापूर्वी सरसकट वळवणे स्वस्त पडते, कारण मग कॉल भारतातूनच वळतो.

व्हॉइसमेल भारतात रुजला नाही. त्याची जागा मिस्ड कॉल अलर्टने घेतली: फोन चालू झाला की कोणी कधी लावला होता याचा एसएमएस येतो. ही सेवाही आतून कॉल फॉरवर्डिंगच असू शकते. फोन पोहोचला नाही की कॉल कंपनीच्या एका यंत्रणेकडे जातो आणि ती नोंद ठेवते. म्हणूनच *#62# डायल केल्यावर कधी कधी एक अनोळखी नंबर दिसतो आणि आपला फोन कोणीतरी ऐकतो आहे अशी भीती पसरते. बहुतेक वेळा तो नंबर कंपनीच्या याच यंत्रणेचा असतो. खात्री ग्राहक सेवेकडून करून घेता येते. भीतीने ##002# दाबून सगळ्या नोंदी पुसल्या, की मिस्ड कॉल अलर्टही बंद पडू शकतो.

अमेरिका-कॅनडात चित्र उलटे आहे. तिथे व्हॉइसमेल सिमबरोबरच येतो आणि बंद फोनचा कॉल आपोआप तिकडे जातो. 1 चे बटण दाबून धरले की निरोप ऐकता येतात, पहिल्या वेळी स्वागताचा निरोप रेकॉर्ड करून पिन ठरवायचा असतो. तो पिन मनापासून ठरवावा. ब्रिटनमध्ये २०११ साली ज्या फोन हॅकिंग प्रकरणामुळे ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वृत्तपत्र बंद झाले, त्यात लोकांनी न बदललेले ठरीव पिन वापरून निरोप ऐकले गेले होते. पुण्याहून न्यू जर्सीतल्या मुलीला फोन लावणाऱ्या आईवडिलांना दुसरा अनुभव येतो: मुलीचा फोन बंद असला तरी कॉल ‘उचलला’ जातो, कारण व्हॉइसमेलने उत्तर दिले, आणि परदेशी कॉलचे पैसे लागू होतात. त्या देशात चौथ्या प्रकारात दुसऱ्या माणसाचा नंबर भरला, तर तो व्हॉइसमेलच्या नंबरची जागा घेतो. म्हणून आधी *#62# ने जुना नंबर पाहून लिहून ठेवावा, नंतर तोच परत भरता येतो.

दोन फोन एकमेकांकडे वळवून ठेवणे टाळावे. भावाने स्वतःचा फोन बंद झाल्यावर कॉल बहिणीकडे जावा असे लावले असेल आणि दोघांचे फोन एकाच वेळी बंद असले, तर कॉल फिरत राहील की काय असे वाटते. प्रत्यक्षात नेटवर्क एका कॉलला मोजक्याच वेळा वळू देते आणि मग तोडते.

शिबिरातून परतल्यावर बाईंचा फोन चालू झाला की कॉल त्यांच्याकडेच येऊ लागतात, त्यामुळे नोंद पुसायची आठवण सहसा राहत नाही. ती नेटवर्कमध्ये तशीच पडून असते. सहा महिन्यांनी एखाद्या रात्री चार्जिंग संपते आणि बँकेच्या माणसाचा फोन भावाकडे जातो.