बॅगला नऊचा उतारा

लातूरकडच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, "सोयाबीन किती झालं यंदा?" उत्तर येईल, "बॅगला नऊचा उतारा पडला." गावात हे वाक्य सगळ्यांना समजतं. सर्वेक्षणाला आलेला पोरगा मात्र फॉर्मवरच्या 'एकरी उत्पादन, क्विंटल' या रकान्यात 9 लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. चूक इथेच होते.

बॅग म्हणजे बियाण्याची पिशवी. ती पूर्वी सर्रास 30 किलोची असायची आणि एकराला साधारण 30 किलो बी लागायचं, म्हणून मराठवाडा-विदर्भात बॅग हेच जमिनीचं माप होऊन बसलं. "चार बॅगा पेरल्या" म्हणजे चार एकर. काढणीचं गुत्तंही बॅगवरच ठरतं. पण हल्ली 25 किलोच्या बॅगाही येतात, कुणी घरचं बी दाट पेरतं, कुणी टोकण यंत्राने कमी बियाण्यात भागवतं. बोलण्यातली बॅग तशीच राहिली, जमीन मात्र कमीजास्त झाली.

समजा, एकाने 25 किलोच्या चार बॅगा पेरल्या, म्हणजे 100 किलो बी. एकरी 30 किलोच्या हिशोबाने हे क्षेत्र सव्वातीन एकरांच्या आसपास जातं. बांधाने जीपीएस घेऊन फिरल्यावर 3.3 एकर भरलं. बॅगला नऊ म्हणजे एकूण 36 क्विंटल. भागाकार केला तर एकरी जवळपास 11 क्विंटल येतात, फॉर्मवर मात्र 9 आहेत. शेतकरी खोटं बोलला नाही, पोराने ऐकलेलंच लिहिलं, तरी उत्पादकता जवळपास पाचव्या हिश्श्याने खाली आली.

म्हणून जाणते लोक एकरी उतारा विचारतच नाहीत. आधी एकूण माल विचारतात, क्षेत्र वेगळं विचारतात आणि भागाकार ऑफिसात करतात. एकूण मालही क्विंटलमध्ये न विचारता कट्ट्यांत विचारलेला बरा, कारण मळणी करणारा हडंबेवाला कट्ट्यावर पैसे घेतो आणि ती संख्या लक्षात राहते. फक्त कट्टा किती किलोचा भरला होता, हे लगेच विचारून घ्यायचं. वरच्या शेतकऱ्याचे 60 कट्टे झाले. कट्टा 60 किलोचा धरला तर 36 क्विंटल जुळतात. 50 किलोचा धरला, तर बसल्या जागी सहा क्विंटल गायब!

क्षेत्राच्या रकान्यात आणखी एक खड्डा आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, 100 आर म्हणजे एक हेक्टर. त्यामुळे 1.20 हे सरळ दशांशातलं 1.2 हेक्टर, म्हणजे जवळपास तीन एकर. पण शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो आणि एकराचे गुंठे 40. त्याने सांगितलेलं "एक एकर वीस गुंठे" कुणी 1.20 असं लिहिलं, की संगणक ते 1.2 एकर समजतो. खरं क्षेत्र दीड एकर असतं. यावर उपाय साधा आहे: फॉर्मवर एकर आणि गुंठे असे दोन वेगळे चौकोन ठेवायचे, आणि गुंठ्यांत 39च्या वरचा आकडा आला तर टॅबलेटने तो अडवायचा. पोटखराबा आणि तुरीचे पट्टेही वेगळे विचारावे लागतात, नाहीतर अख्खा सातबारा सोयाबीनच्या नावावर चढतो.

सांगितलेल्या क्षेत्राचा कलही ठरलेला दिसतो. युगांडातल्या सर्वेक्षणात सांगितलेलं क्षेत्र जीपीएसने ताडून पाहिलं, तर लहान तुकडे फुगवून आणि मोठे कमी करून सांगितलेले आढळले. लहान तुकड्याचं क्षेत्र फुगलं की त्याचा एकरी उतारा आपोआप पडतो. लहान शेतकरी जास्त पिकवतो की कमी, हा अर्थशास्त्रातला जुना वाद अशा मोजणीवरही अवलंबून असतो.

आता आठवणीचं. "गेल्या बारा महिन्यांत खतावर किती खर्च केला?" हा प्रश्न कागदावर छान दिसतो, शेतात मात्र त्याला अर्थ नसतो. फेब्रुवारीत विचारला तर त्यात मागच्या हंगामाच्या उन्हाळी भुईमुगाचं खत येतं, खरिपाचं येतं आणि हरभऱ्याचंही येतं. शेतकऱ्याच्या डोक्यात खर्च पिकागणिक बसलेला असतो, म्हणून प्रश्नही पिकाचा हात धरून जावा: पेरणीसोबत काय दिलं, किती पोती? नंतर युरिया टाकला का? फवारण्या किती, एका फवारणीला किती पंप लागले, पंपाला औषध किती? पोत्यांतही मेख आहेच. डीएपीचं पोतं 50 किलोचं, पण युरियाचं 2018 पासून 45 किलोचं. आणि शेणखत, घरचं बी, भावकीकडून आणलेलं औत यांना रोकड लागत नाही, म्हणून नाव घेऊन विचारल्याशिवाय ती खर्चात येतच नाहीत.

तारखांना खुंटी लागते. "पेरणी मृगात की आर्द्रात?" याला लोक क्षणात उत्तर देतात. नक्षत्रं सूर्यावर चालतात, मृग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो. पोळा किंवा दसरा ही खुंटी हलती आहे. 2022 चा पोळा ऑगस्टअखेर होता, 2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने तो 14 सप्टेंबरला गेला. "पोळ्याच्या आत दुसरी फवारणी केली" या एकाच वाक्यात दोन वर्षांत जवळपास तीन आठवड्यांचा फरक पडतो. म्हणून पोळा चालतो, पण त्या वर्षीचं पंचांग शेजारी हवं.

आठवणीची मुदत कमी करायला दोनदा जाणं हाही मार्ग आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77 व्या फेरीत त्याच शेतकरी कुटुंबांना दोनदा गाठलं: पहिल्या भेटीत जुलै ते डिसेंबर 2018, दुसरीत जानेवारी ते जून 2019. खर्च वाढतो, पण कधी काय टाकलं याची सरमिसळ कमी होते.

सगळ्यात कच्ची आठवण घरच्या मजुरीची. टांझानियात काही कुटुंबांना दर आठवड्याला विचारलं आणि काहींना हंगाम संपल्यावर एकदाच. एका माणसाने एका तुकड्यावर किती तास घातले याचा आकडा, शेवटी विचारल्यावर चौपटीपर्यंत फुगला. गंमत पुढे आहे. त्याच लोकांनी तुकडे आणि राबणारी माणसं मात्र कमी सांगितली. अधूनमधून निंदायला गेलेली सून, शाळेतून येऊन खत टाकणारा मुलगा विसरले गेले. त्यामुळे कुटुंबाच्या बेरजेत एक चूक दुसरीला बरीचशी खाते. बेरीज पाहून सर्वेक्षण ठीक वाटतं, आतला तपशील मात्र बिघडलेला असतो.

एवढं करूनही सांगणाऱ्याची गरज उरतेच. विम्याची किंवा मदतीची माणसं आली असं वाटलं, की उतारा घसरतो. माझ्या मते याचा राग धरण्यात अर्थ नाही, ताडून पाहायला हवं. त्यासाठी पीक कापणी प्रयोग असतो: शेतात यदृच्छेने जागा निवडायची, ठरावीक मापाचा आयत दोरीने आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून तोलायचं. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत साताऱ्याचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे होते. फार लहान तुकडा कापला तर उत्पादन जास्त दिसतं, हे त्यांनी दाखवलं. दोरीवर येणारी झाडं कापणारा बहुतेक वेळा आतच धरतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्यात कडेच्या झाडांचा वाटा मोठा असतो.