बायोप्सीऐवजी चौदा दिवस: एचआयव्हीतील मेंदूच्या टॉक्सोप्लाझ्माचं निदान असं का केलं जातं

एचआयव्ही बराच पुढे गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत एमआरआयवर तीन-चार चकाकणारी कडी दिसली, तर बहुतेक ठिकाणी मेंदूचा तुकडा काढून तपासत नाहीत. थेट औषध सुरू करतात आणि दोन आठवडे थांबतात. पुराव्याआधी उपचार करायचा, हे वैद्यकशास्त्राच्या नेहमीच्या शिस्तीला धरून नाही. ही पद्धत कशी रुळली आणि ती कुठे फसते, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा परजीवी १९०८ साली एकाच वर्षी दोन ठिकाणी सापडला. ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात दिसला, तर ब्राझीलमध्ये स्प्लेन्डोरे यांना सशात. गोंडी हे नाव त्या गुंडीवरून आलं. १९४८ साली सेबिन आणि फेल्डमन यांनी रक्तातली प्रतिपिंडं ओळखणारी चाचणी तयार केली. ती वापरायला लागल्यावर कळलं की ठणठणीत असलेल्या कितीतरी माणसांना हा संसर्ग कधीतरी होऊन गेलेला असतो. परजीवी मरत नाही. मेंदूत आणि स्नायूंत तो सूक्ष्म गाठी करून पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याला तिथेच दाबून ठेवते.

१९८० च्या दशकात एड्समुळे ही प्रतिकारशक्तीच ढासळली आणि दबलेल्या गाठी फुटू लागल्या. १९८३ साली लुफ्ट, कॉनली आणि रेमिंग्टन यांनी पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अशा रुग्णांकडे लक्ष वेधलं. त्या काळी निदान बायोप्सीत व्हायचं, नाहीतर शवविच्छेदनात. हे जुन्या संसर्गाचं पुन्हा डोकं वर काढणं असल्यामुळे रक्तात बहुधा फक्त आयजीजी ही जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं सापडतात. ताज्या संसर्गाची खूण असलेली आयजीएम सहसा नसते. याला सवयीने ‘मेंदूतला गळू’ म्हणतात. तो शब्द दिशाभूल करतो असं मला वाटतं, कारण आत पू नसतो. मेलेल्या पेशींचा भाग आणि त्याभोवतीची सूज असते. त्यामुळे ते उपसून काढण्याचा प्रश्नच येत नाही.

उपाय मात्र आधीच हाताशी होता. पायरीमेथामिन आणि सल्फा औषधं एकत्र दिली तर परजीवीवर दुहेरी मारा होतो, हे १९५० च्या दशकातल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून माहीत होतं. परजीवी स्वतःसाठी फोलेट तयार करतो. सल्फा त्यातली एक पायरी अडवतं आणि पायरीमेथामिन पुढची. एड्सच्या रुग्णांना हीच जोडी दिल्यावर बरेच जण झपाट्याने सुधारले, आणि त्या वेगातूनच पुढची कल्पना निघाली. औषधाला असा प्रतिसाद मिळत असेल तर प्रतिसादालाच पुरावा का मानू नये? एकतर मेंदूची बायोप्सी धोक्याची. त्यात या रुग्णांची संख्या वाढत होती आणि प्रकृती आधीच नाजूक असायची.

पण सुधारणा किती दिवसांत दिसायला हवी? याचं मोजलेलं उत्तर १९९३ साली लुफ्ट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आलं. त्यांनी ४९ रुग्णांना पायरीमेथामिनबरोबर क्लिंडामायसिन दिलं आणि मज्जासंस्थेची ठरलेली तपासणी वारंवार केली. ३५ जणांना प्रतिसाद मिळाला. त्या ३५ पैकी ३० जणांत सातव्या दिवसापर्यंतच सुधारणा दिसली आणि चौदाव्या दिवसापर्यंत ३२ जणांच्या सुरुवातीच्या किमान निम्म्या दोषांत फरक पडलेला होता. ज्यांना प्रतिसाद मिळाला नाही ते बहुधा पहिल्या काही दिवसांतच खालावत गेले. यातून चौदा दिवसांची मुदत रूढ झाली, आणि तेवढ्यात फरक पडला नाही तर बायोप्सीचा विचार करायचा हेही. १९९८ साली अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने एड्समधल्या मेंदूच्या गाठींसाठी जे मार्गदर्शन दिलं त्याचा पायाही हाच तर्क होता.

स्कॅनमध्ये काय पाहायचं, याची उजळणी एका नमुन्याच्या रुग्णावर करू. वय ३८, वजन ५४ किलो, एचआयव्हीचे उपचार सुटलेले, प्रतिकारशक्तीचं मोजमाप असलेल्या सीडी४ पेशी ४२. दहा दिवसांपासून डोकेदुखी आणि ताप, उजव्या हातात कमजोरी, आणि आता एकदा फिट. सीटी स्कॅनमध्ये एकच डाग दिसतो. एमआरआयमध्ये तीन: डाव्या बाजूला मेंदूच्या खोल केंद्रकांत सव्वादोन सेंटिमीटरचा, आणि करडा व पांढरा भाग जिथे मिळतात तिथे दोन छोटे. कॉन्ट्रास्ट दिल्यावर तिन्हींभोवती कडं चकाकतं आणि आकाराच्या मानाने सूज भरपूर आहे. मोठ्या कड्याच्या आतल्या काठाला एक छोटा ठिपका चिकटलेला आहे. मधोमध नसून बाजूला असलेल्या या ठिपक्याला ‘एक्सेंट्रिक टार्गेट’ म्हणतात. तो दिसला तर टॉक्सोप्लाझ्माची शक्यता खूप वाढते. मात्र बहुतेक रुग्णांत तो दिसत नाही, म्हणून तो नसण्याला काही अर्थ नाही.

मुख्य स्पर्धक म्हणजे मेंदूतला लिम्फोमा हा कर्करोग. त्यात डाग अनेकदा एकच असतो, मोठा असतो, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून असतो किंवा दोन्ही अर्धगोलांना जोडणारा पूल ओलांडतो. इथे सीटीचा एक डाग एमआरआयवर तीन झाला, हीच मोठी माहिती आहे. एमआरआयमध्येही डाग एकटाच असेल तर लिम्फोमाचं पारडं जड होतं. क्षयाची गाठही कड्यासारखी चकाकू शकते, आणि स्कॅन तिला नेहमी वेगळं काढू शकत नाही. स्कॅन शक्यता सांगतो, निकाल देत नाही.

म्हणून तीन गोष्टी जुळाव्या लागतात: सीडी४ शंभरच्या खाली, आयजीजी पॉझिटिव्ह, आणि कोट्रायमोक्साझोल या सल्फायुक्त औषधाचा प्रतिबंधक डोस चालू नसणं. आपल्या रुग्णात तिन्ही जुळतात. यातली एखादी नसेल, समजा आयजीजी निगेटिव्ह असेल किंवा रुग्ण प्रतिबंधक गोळी नियमित घेत असेल, तर निदानावरचा भरवसा उतरतो आणि बायोप्सीची चर्चा आधीच सुरू करावी. मणक्यातलं पाणी काढणं धोक्याचं नसेल तर त्यात परजीवीचा डीएनए शोधता येतो. तो सापडला तर पक्कं, पण जवळपास निम्म्या रुग्णांत तो सापडतच नाही आणि औषध सुरू झाल्यावर आणखी कमी सापडतो. त्याच पाण्यात एपस्टीन-बार विषाणूचा डीएनए मिळाला तर संशय लिम्फोमाकडे वळतो.

आता उपचार. पहिल्या दिवशी पायरीमेथामिन २०० मिलिग्रॅम एकदम. वजन ६० किलोच्या खाली असल्यामुळे पुढे रोज ५० मिलिग्रॅम, आणि सल्फाडायझिन १ ग्रॅम दर सहा तासांनी. सोबत रोज १० ते २५ मिलिग्रॅम ल्यूकोव्होरिन, म्हणजे फोलिनिक ॲसिड. इथे एक चूक वारंवार होते: त्याऐवजी साधं फोलिक ॲसिड दिलं जातं. पायरीमेथामिन आपल्या अस्थिमज्जेलाही फोलेटवाचून उपाशी ठेवतं. फोलिनिक ॲसिड तो अडथळा टाळून मज्जेला वाचवतं, फोलिक ॲसिड वाचवत नाही. म्हणून रक्तपेशींची मोजणी नियमित करायची, आणि त्या घसरल्या तर ल्यूकोव्होरिन वाढवायचं. सल्फाडायझिनचे खडे मूत्रपिंडात बसू नयेत म्हणून पाणी भरपूर प्यायचं. सल्फाने अंगावर पुरळ उठलं तर क्लिंडामायसिन देता येतं. पायरीमेथामिन मिळतच नसेल तर कोट्रायमोक्साझोल: त्यातलं ट्रायमेथोप्रिम किलोमागे ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे या रुग्णाला दर वेळी २७० मिलिग्रॅम.

फिट आलेली असल्यामुळे तिचं औषध द्यायचं. न आलेल्यांना नुसत्या भीतीपोटी देत नाहीत. खरी अडचण स्टेरॉइडची आहे. सूज पाहून डेक्सामेथासोन द्यावंसं वाटतं, पण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. रुग्ण सुधारतो, कडी आकसतात, आणि कोणाचं श्रेय कोणाला हे कळेनासं होतं. म्हणजे ज्या प्रतिसादावर निदान उभं आहे तोच खोटा ठरू शकतो. मेंदू एका बाजूला ढकलला जात असेल किंवा रुग्ण झपाट्याने खालावत असेल तरच ते द्यावं आणि लवकर थांबवावं. थांबवल्यावर रुग्ण पुन्हा घसरतो का, याकडे तेव्हा खास लक्ष ठेवावं.

प्रतिसाद मोजायचा तर पहिल्या दिवशीच हाताची ताकद, बोलणं, चाल आणि शुद्धी लिहून ठेवावी लागते. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर भागत नाही. आपल्या रुग्णाचा ताप पाचव्या दिवशी उतरला, सातव्या दिवशी तो पेला उचलू लागला, आणि चौदाव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये मोठं कडं दीड सेंटिमीटरवर आलं, सूजही ओसरली. डाग अजून दिसतात आणि ते दिसायलाच हवेत. पूर्ण मिटायला महिने लागतात, काही ठिकाणी कॅल्शियमचा वण कायम राहतो. दोन आठवड्यांत स्कॅन स्वच्छ व्हायची वाट पाहणारा उगाच बायोप्सी मागेल. उलट पहिल्या आठवड्यात प्रकृती बिघडत असेल, तर चौदा दिवस पुरे करण्याचा हट्ट धरू नये. एचआयव्हीचे उपचार साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात. त्यानंतर क्वचित प्रतिकारशक्तीच्या पुनरुज्जीवनामुळे तात्पुरतं बिघडतं. शक्य असेल तर प्रतिसादाचा पहिला अंदाज त्याआधी घेतलेला बरा.

किमान सहा आठवड्यांनंतर मात्रा कमी करतात, औषध बंद करत नाहीत. ही औषधं वाढणाऱ्या परजीवीला मारतात. गाठीत लपलेल्याला नाही. म्हणून एकेकाळी ही देखभाल जन्मभर चालायची. १९९६ च्या सुमारास प्रभावी एचआयव्ही औषधं आली आणि हे बदललं. आता सीडी४ दोनशेच्या वर सहा महिने टिकले आणि लक्षणं नसली की ती थांबवता येते.

प्रतिबंधाची युक्ती मात्र आडवाटेने सापडली. १९९० च्या आसपास एड्समधल्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियापासून बचावासाठी काही रुग्ण कोट्रायमोक्साझोल घेत, काही पेंटामिडीनची वाफ. वाफ फुप्फुसातच राहते. तुलना केल्यावर दिसलं की कोट्रायमोक्साझोल घेणाऱ्यांना मेंदूतल्या टॉक्सोप्लाझ्मापासूनही संरक्षण मिळत होतं. तेही फोलेटच्या त्याच दोन पायऱ्या अडवतं. संरक्षण नसेल तर आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीडी४ शंभरच्या खाली असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना वर्षभरात हा आजार होत असे. त्यांना आजही रोज एक डबल स्ट्रेंथ गोळी दिली जाते, आणि एचआयव्ही उपचारांनी सीडी४ दोनशेच्या वर तीन महिने राहिले की ती बंद करतात. पुढे कधी औषधं सुटून सीडी४ पुन्हा शंभरच्या खाली गेले, तर तीच गोळी परत सुरू होते, कारण गाठी अजून तिथेच आहेत.