धोका 18 टक्क्यांनी वाढला, म्हणजे नेमका किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये जाहीर केले, की रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम यांसारखे पदार्थ, खाल्ल्यास मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. ही बातमी वाचून शंभरातील आणखी अठरा जणांना कर्करोग होणार, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

ते 18 टक्के मूळ धोक्याचे होते, शंभर माणसांचे नव्हेत. पाश्चात्त्य देशांत हा कर्करोग आयुष्यात केव्हातरी होण्याची शक्यता हिशेबासाठी शंभरात पाच धरू. पाचाचे 18 टक्के म्हणजे 0.9, म्हणून धोका 5 वरून 5.9 टक्क्यांवर जातो. शंभरात एकाहून थोडी कमी अशी ही भर आहे. ही वाढ 18 टक्केबिंदूंची, म्हणजे मूळ टक्केवारीत थेट 18 मिळवण्याची असती, तर तोच धोका 5 वरून 23 टक्क्यांवर गेला असता. एकाच वाक्याच्या या दोन वाचनांत वाढीचा फरक वीसपटींचा पडतो.

मूळ आकडा जितका लहान, तितका हा फरक मोठा होतो. जेथे मूळ धोका शंभरात एकच आहे, तेथे त्याच 18 टक्क्यांनी तो 1.18 होतो, म्हणजे दर हजारात जेमतेम दोघांची भर पडते. अर्थात एका समाजात मोजलेले गुणोत्तर दुसऱ्या समाजाला तसेच लागू होईल, हेही एक गृहीतकच आहे. (त्या वेळी ‘मांस तंबाखूइतकेच घातक’ असे मथळेही झळकले. संस्थेने प्रक्रिया केलेले मांस व तंबाखू एकाच गटात ठेवले होते हे खरे. पण तो गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नव्हे.)

हाच घोळ प्रश्न विचारणाऱ्याच्या वाक्यातही असतो. समजा, मुख्याध्यापक म्हणाले, “गेल्या वर्षी निकाल 40 टक्के लागला, यंदा तो 20 टक्क्यांनी वाढवायचा आहे, किती मुले उत्तीर्ण व्हावी लागतील?” वर्गांत 250 मुले असतील, तर 40 चे 20 टक्के धरून निकाल 48 टक्के होतो आणि 120 मुले लागतात, 20 टक्केबिंदू धरले, तर तो 60 टक्के होतो आणि 150 मुले लागतात. अशा वेळी “सापेक्ष वाढ की निरपेक्ष?” असे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण बहुतेकांनी तो भेद मनात केलेलाच नसतो. त्याऐवजी “निकाल 48 टक्के हवा की 60 टक्के?” असे विचारावे, शेवटचा आकडा समोर आला, की आपल्याला काय म्हणायचे होते हे माणूस लगेच सांगतो. कधीकधी विचारण्याचीही गरज उरत नाही: गळतीचे प्रमाण 15 टक्के असताना ते 20 टक्क्यांनी घटले असे कोणी म्हटले, तर टक्केबिंदूंचा अर्थ शक्यच नसतो आणि प्रमाण 12 टक्क्यांवर आले, एवढाच अर्थ उरतो.