इस्पिकचा एक्का आपल्याच हातात असेल तर: पोकरमधल्या ब्लॉकरची पार्श्वभूमी

ब्लफ कोणत्या पानांनी करावा, या प्रश्नाला गणितातलं पहिलं नीट उत्तर जॉन फॉन नॉयमन यांनी दिलं. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर 1944 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गेम थिअरीच्या ग्रंथात त्यांनी पोकरचं एक सोपं रूप मांडलं आहे. त्यात खेळाडूंना पत्ते मिळत नाहीत. प्रत्येकाला शून्य ते एकमधली एक संख्या मिळते, आणि मोठी संख्या जिंकते. निष्कर्ष असा निघाला की फार चांगल्या हातांनी पैसे लावावेत, आणि सोबत अगदी तळाच्या काही हातांनीही लावावेत. मधल्या हातांनी गप्प बसावं, कारण त्यांना ब्लफ न करताही कधीकधी जिंकता येतं.

या मॉडेलमध्ये एक गोष्ट मात्र नाही. माझी संख्या कितीही असली तरी समोरच्याला कोणती संख्या आली असेल यावर तिचा काडीचा परिणाम होत नाही. खऱ्या पत्त्यांत तसं नसतं. कॅट एकच असतो, आणि जे पान माझ्याकडे आहे ते त्याच्याकडे असूच शकत नाही. समोरच्याचे काही हात असे अडवणारं आपलं पान म्हणजे ब्लॉकर.

गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी 1950 मध्ये अभ्यासलेल्या चिमुकल्या पोकरमध्ये ही गोष्ट टोकाला गेलेली दिसते. तिथे कॅटच तीन पानांचा: राजा, राणी, गुलाम. दोघांना एकेक पान मिळतं. माझ्याकडे गुलाम असेल तर समोर राजा किंवा राणी, तिसरी शक्यता नाही. ब्लफसाठी सर्वात वाईट पान हातात आहे खरं, पण जो प्रतिस्पर्धी हमखास पत्ते टाकेल, म्हणजे डाव सोडेल, तो गुलामवालाच, आणि तो गुलाम माझ्याकडेच! उरतो तो राणीवाला. तोही कधी टाकतो, कधी नाही, म्हणून पहिल्या खेळाडूने गुलामावर फार तर तीनातून एकदा ब्लफ करावा असं उत्तर येतं. ब्लॉकरच्या पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे, पण टेबलावर खेळणाऱ्यांनी ते इथून उचललं नाही.

त्यांना ते ओमाहा या पोकरच्या प्रकारात सापडलं. ओमाहात प्रत्येकाच्या हातात चार पानं असतात आणि त्यातली नेमकी दोनच वापरावी लागतात. बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पानांत, तीन इस्पिक आली आणि माझ्या चार पानांत इस्पिकचा एक्का एकटाच असला, तर माझा फ्लश, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांचा हात, होत नाही. पण सर्वात मोठा फ्लश दुसऱ्या कुणाकडे नाही, हे मला पक्कं ठाऊक असतं. चार-चार पानं हातात असल्यामुळे या खेळात अव्वल हात कुणाकडे तरी असण्याची भीती कायम असते. राजाचा फ्लश घेऊन बसलेल्यालाही मोठ्या बेटपुढे घाम फुटतो. त्यामुळे एकट्या एक्क्यावर पॉटएवढी, म्हणजे डावात जमलेल्या रकमेएवढी, बेट मारणं ही ओमाहातली जुनी, मुरलेली चाल झाली.

ऑनलाइन पोकर वाढल्यावर दोन पानांच्या होल्डेममध्ये हा विचार आधी फ्लॉपपूर्वीच्या, म्हणजे बोर्डवर पानं उघडण्याआधीच्या, बेटिंगमध्ये रुजला. हातात एक एक्का असला की समोर एक्क्यांची जोडी असण्याचे सहा प्रकार तीनवर येतात, एक्का-राजाचे सोळा प्रकार बारावर. चौथ्या बेटला ब्लफ करताना लोक एक्का-पंजीसारखे हात निवडू लागले ते यामुळेच. पण रिव्हरवर, म्हणजे बोर्डचं शेवटचं पान आल्यावर, बहुतेकांचा हिशेब ढोबळच होता: हुकलेला ड्रॉ, म्हणजे हवं ते पान न आल्याने अपुरा राहिलेला हात, दिसला की ब्लफ. तो मोडला सॉल्व्हरने, म्हणजे डावाचं गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने. 2015 मध्ये पिओसॉल्व्हर बाजारात आल्यावर घरच्या संगणकावर रिव्हरचा डाव सोडवता येऊ लागला. हुकलेले दोन हात दिसायला सारखेच रद्दी, पण सॉल्व्हर एकाने बेट मारतो आणि दुसऱ्याने मुकाट चेक करतो, हे दिसल्यावर लोक कारण शोधू लागले.

ते कारण एका डावात मोजून बघू. बोर्ड असा: इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चौकी, इस्पिकची सत्ती, बदामची दुर्री. पॉटमध्ये 100 चिप्स आहेत आणि मला 100 ची बेट मारायची आहे. म्हणजे समोरच्याने निम्म्याहून जास्त वेळा पत्ते टाकले तरच ब्लफ फायद्याचा.

आधीच्या खेळावरून त्याच्याकडे 30 प्रकारचे हात असू शकतात असं धरू. त्यातले 15 फ्लश आहेत: इस्पिकच्या एक्क्याबरोबर दुसरं कुठलंही इस्पिक असलेले 9, आणि राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी हे 6. उरलेले 15 म्हणजे नुसती राजाची जोडी: राजा-राणीचे 12 प्रकार आणि एकाच रंगातल्या राजा-गुलामाचे 3. फ्लश कॉल करेल, म्हणजे तेवढेच पैसे लावून डावात राहील, राजाची जोडी टाकेल. माझ्या पानांकडे न बघता हिशेब केला तर 15 विरुद्ध 15, ना नफा ना तोटा.

आता माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटची पंजी आहे. एक्क्याचे नऊच्या नऊ फ्लश गायब. कॉल करणारे उरले 6, टाकणारे 15 तसेच. तो 21 पैकी 15 वेळा टाकेल, आणि दर ब्लफमागे मला सरासरी सुमारे 43 चिप्स मिळतील.

त्याऐवजी माझ्याकडे चौकटची राणी आणि चौकटचा गुलाम असेल तर? दश्शी आली असती तर सीक्वेन्स झाला असता, ती आली नाही. ब्लफसाठी हा अगदी साजेसा हात वाटतो. पण माझी राणी त्याच्या राजा-राणीचे 3 प्रकार काढून घेते आणि गुलाम राजा-गुलामाचा 1. हे चारही हात तो टाकणार होता! फ्लशला मात्र माझी चौकटची पानं हातही लावत नाहीत. आता टाकणारे 11, कॉल करणारे 15, आणि दर ब्लफमागे सुमारे 15 चिप्सचा तोटा.

ओमाहाच्या खेळाडूंना पहिली बाजू, म्हणजे समोरच्याचा कॉल अडवणारं पान, चांगली माहीत होती. दुसरी बाजू सॉल्व्हरमुळे सर्वांच्या बोलण्यात आली, आणि माझ्या मते तीच जास्त निसटते. कारण समोरचा कशाने मारेल याची आपल्याला भीती असते, पण तो काय टाकणार आहे याची यादी कुणी करत नाही.

वरचा डाव मी मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे. समोर दोनशे प्रकारचे हात शक्य असतील तर एका पानाने पारडं इतकं झुकत नाही. शिवाय हातात इस्पिकचा एक्का आला की दर वेळी ब्लफ, असं धोरण ठेवलं तर माझे ब्लफ खऱ्या फ्लशच्या मानाने फार होतात, आणि जागरूक प्रतिस्पर्धी राजा-राणीनेही कॉल करू लागतो. तसं झालं तर त्याच डावात इस्पिकचा एक्का असूनही कॉल करणारे 18 आणि टाकणारे फक्त 3. दर ब्लफमागे सुमारे 71 चिप्स जातात. एक्का नसता तर 80 गेल्या असत्या.