एकघटक प्रचरण विश्लेषण : तीन अध्यापन पद्धतींच्या निकालाचे वाचन

तीन किंवा अधिक गटांच्या सरासरींमधला फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल एवढाच आहे की त्याहून मोठा, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय रीत. रूढ नाव अ‍ॅनोवा. समजा, व्याख्यान, गटचर्चा आणि प्रात्यक्षिक या पद्धतींनी प्रत्येकी 10 विद्यार्थ्यांना एकच घटक शिकवला आणि चाचणीत त्यांची सरासरी अनुक्रमे 60, 65 आणि 70 गुण आली. एक्सेलमध्ये निकाल असा दिसतो :

```
Source          SS    df   MS    F     P-value  F crit
Between Groups  500    2   250   4.17  0.026    3.35
Within Groups  1620   27    60
Total          2120   29
```

`SS` म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज, `df` म्हणजे स्वाधीनता मात्रा, अर्थात स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या मूल्यांची संख्या; `SS` ला `df` ने भागले की `MS` मिळतो. वाचनाची सुरुवात `MS` या स्तंभापासून करावी. एकाच पद्धतीने शिकलेल्या मुलांचे गुणही सारखे नसतात. हा गटांतर्गत चढउतार `Within Groups` ओळीतल्या 60 या आकड्यात आहे; त्याचे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे 7.7 गुण. 250 हा आकडा गटांच्या सरासरींमधल्या अंतरावरून येतो. पद्धतींचा काहीच परिणाम नसता तर दोन्ही आकडे साधारण सारखे आले असते आणि त्यांचे गुणोत्तर, म्हणजेच एफ-मूल्य, 1 च्या आसपास राहिले असते. इथे ते 4.17 आहे, म्हणजे 5 टक्के सार्थकता पातळीच्या `F crit` या 3.35 च्या सीमेपेक्षा मोठे.

पी-मूल्य 0.026 याचा अर्थ एवढाच, की तिन्ही पद्धती खरोखर समान परिणामकारक असत्या, तरी इतके किंवा याहून मोठे एफ-मूल्य हजारात सुमारे 26 वेळा आले असते. ‘पद्धत प्रभावी असण्याची शक्यता 97 टक्के’ असे वाक्य शोधप्रबंधांत आढळते. ते साफ चूक आहे. परिणाम किती मोठा, हेही पी-मूल्य सांगत नाही. त्यासाठी `SS` स्तंभातील 500 ला 2120 ने भागावे : गुणांतील एकूण फरकांपैकी सुमारे 24 टक्के वाटा गटांमधल्या फरकाचा. एवढ्या लहान नमुन्यात हा अंदाजही बराच ढोबळ असतो.

कोणती पद्धत सरस, याचे उत्तर मात्र या तक्त्यात नाही. त्यासाठी टुकी चाचणीसारखी जोडीनिहाय तुलना करावी लागते. इथे 5 टक्के सार्थकता पातळीवर दोन सरासरींत सुमारे 8.6 गुणांचे अंतर हवे. ते फक्त व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांच्यात आहे. गटचर्चा दोहोंपासून 5 गुणांवर आहे, त्यामुळे तिचा वेगळेपणा सिद्ध होत नाही. पण ती त्यांच्याइतकीच आहे, हेही सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठा धोका आकडेमोडीच्या आधीच येतो. प्रत्येक पद्धत एकेका तुकडीला आणि वेगवेगळ्या शिक्षकाने शिकवली असेल, तर पद्धतीचा परिणाम आणि शिक्षकाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. शिवाय एका वर्गातील मुलांचे गुण परस्परांपासून स्वतंत्र राहत नाहीत, म्हणून 27 ही स्वाधीनता मात्रा फुगवलेली ठरते आणि पी-मूल्य खऱ्यापेक्षा लहान दिसते. `df` स्तंभात ही त्रुटी दिसत नाही. विद्यार्थी गटांत कसे वाटले गेले आणि प्रत्येक पद्धत किती तुकड्यांत वापरली, हे प्रयोगाच्या आराखड्यातच पाहावे लागते.